छोट्या क्लिनिकचं औषधांचं स्टॉक रजिस्टर, रिऑर्डर आणि एक्स्पायरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न डिचोली, वाळपई, पेडणे बाजूच्या छोट्या क्लिनिकांत स्टॉक सांभाळणाऱ्या लोकांकडून येतात. म्हणजे एक डॉक्टर, एक सिस्टर किंवा रिसेप्शनला बसणारी मुलगी, एक औषधांचं कपाट, एक फ्रीज आणि म्हापसा-फोंड्याहून माल पाठवणारे दोन-तीन सप्लायर. मोठ्या हॉस्पिटलच्या फार्मसीला यातलं बरंच लागू होणार नाही.

बिलांची फाईल आहे की आमच्याकडे, वर परत रजिस्टर कशाला?

फाईल ठेवाच, ती लागतेच. डॉक्टर स्वतःच्या पेशंटला औषध देतो तेव्हा त्याला दुकानासारखं लायसन्स लागत नाही, ड्रग्ज रूल्सच्या शेड्यूल के मध्ये ती सूट आहे, पण अटी घालून: औषध लायसन्सवाल्याकडूनच घ्यायचं आणि खरेदीची नोंद नाव, नग, बॅच नंबर, कंपनीचं नाव-पत्ता यासकट ठेवायची, इन्स्पेक्टर आला तर दाखवायची. शेड्यूल एच मधली औषधं, म्हणजे बहुतेक अँटिबायोटिक्स, पेशंटला दिली की त्याची वेगळी नोंद पेशंटच्या नावानिशी करावी लागते आणि ते रजिस्टर दोन वर्षं जपावं लागतं.

पण फाईल फक्त काय आलं ते सांगते. आत्ता कपाटात किती उरलंय, त्यातलं कुठलं आधी मरणार आहे आणि फोन कधी करायचा हे तिच्यातून कळत नाही, त्यासाठी स्टॉक रजिस्टर.

एका औषधाला एक पान, बरोबर ना?

पान एक, पण त्या पानावर प्रत्येक बॅचला स्वतंत्र ओळ. इथेच बहुतेकांचं गणित फसतं. पानावर "पॅरासिटामॉल ५००, शिल्लक ३४० गोळ्या" असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, फक्त त्यातल्या २०० पुढच्या महिन्यात संपणाऱ्या बॅचच्या आहेत हे कुणालाच माहीत नसतं. औषध नावाने एक्स्पायर होत नाही, बॅचने होतं, त्यामुळे शिल्लकही बॅचनेच लिहायची.

ओळीत एवढंच पुरे: आल्याची तारीख, बिल नंबर, सप्लायर, बॅच, एक्स्पायरी, किती आलं, आणि पुढे दर आठवड्याच्या मोजणीचे रकाने. पानाच्या डोक्यावर पेन्सिलीने रिऑर्डर लेव्हल. पेन्सिलीने अशासाठी की ती वर्षात दोन-तीनदा बदलणार आहे, खाली सांगतो.

फुकट मिळालेले सॅम्पल असतील तर त्यांनाही ओळ द्या, रकान्यात "सॅम्पल" लिहा. एमआर जे सॅम्पल देऊन जातात त्यांची एक्स्पायरी बरेचदा जवळची असते आणि ते नेमके ड्रॉवरमध्ये विसरले जातात.

रोज प्रत्येक गोळी गेली की लिहायची? इथे ओपीडीत श्वास घ्यायला वेळ नाही.

नका लिहू. सुरुवातीला उत्साहात लिहितात आणि पहिल्याच ढगाळ सोमवारी पन्नास पेशंट आले की बंद पडतं, मग अर्धवट रजिस्टर कुणी उघडतच नाही. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी कपाट मोजा: मागची शिल्लक अधिक नवीन आलेलं वजा आजची शिल्लक म्हणजे गेलेलं. पन्नास-साठ आयटमचं कपाट असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, दुपारी क्लिनिक बंद असतं तेव्हा होऊन जातं. शेड्यूल एच वाली पेशंटनिशी नोंद मात्र त्या त्या वेळीच करायची, ती आठवड्यावर ढकलायची नाही. तिचा फायदा असा की अँटिबायोटिकची मोजणी जुळली नाही तर ताडून बघायला ते रजिस्टर हाताशी असतं.

पाकिटावर एक्स्पायरी ०८/२०२६ असेल तर १ ऑगस्टला संपतं का?

नाही, ३१ ऑगस्टपर्यंत चालतं. आपल्याकडे महिना-वर्ष छापलेलं असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. पण पेशंटला ३० ऑगस्टला सात दिवसांचा कोर्स द्यायचा नाही, कारण त्याची शेवटची गोळी सप्टेंबरात जाणार. म्हणून क्लिनिकसाठी खरी शेवटची तारीख म्हणजे एक्स्पायरी वजा कोर्सचे दिवस. बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या देत असाल तर अख्खा महिना आधी थांबायचं.

एक्स्पायरी जवळ आलेली औषधं शोधायला दर महिन्याला सगळं कपाट उपसावं लागतं, दुसरा मार्ग नाही?

आहे, आणि साधा आहे. रजिस्टरच्या मागच्या बाजूला किंवा जुन्या डायरीत एक्स्पायरीची पानं करा, एका महिन्याला एक पान, पुढची तीन वर्षं. माल आला, बिल तपासलं की त्याच वेळी ती बॅच तिच्या एक्स्पायरीच्या महिन्याच्या पानावर एका ओळीत टाकायची: औषध, बॅच, किती आलं. बस. मग दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीन महिने पुढचं पान उघडायचं. ऑक्टोबरात जानेवारीचं पान. त्यावर सहा-सात नावं असतील, तेवढीच कपाटात जाऊन बघायची. संपलेली असतील त्यांच्यावर रेघ मारायची, उरलेल्यांवर लाल स्टिकर लावून पुढे आणायची.

तीन महिनेच का, तर तेवढ्यात तीन गोष्टी करता येतात: आधी वापरून टाकणं, सप्लायरला परत करणं, किंवा ओळखीच्या डॉक्टरकडे जास्त खप असेल तर सप्लायरमार्फत तिकडे वळवणं. एक महिना उरल्यावर यातलं काहीच धड होत नाही.

कपाटात मांडताना नवीन माल मागे, जुना पुढे हा नियम सगळ्यांना माहीत असतो पण तो पूर्ण खरा नाही. आज आलेल्या मालाची एक्स्पायरी आधी आलेल्या मालाच्या आधीची असू शकते, स्कीममध्ये हमखास असते. पुढे ठेवायचं ते लवकर संपणारं, लवकर आलेलं नव्हे.

रिऑर्डर लेव्हल काढायची कशी? डॉक्टर म्हणतात "संपत आलं की सांग", पण संपत आलं म्हणजे किती?

छोट्या क्लिनिकला पुरेल असा हिशोब: जास्तीत जास्त धावपळीच्या दिवसात रोज किती जातं, गुणिले माल यायला जास्तीत जास्त किती दिवस लागतात. शिल्लक तेवढ्यावर आली की फोन. सरासरी धरून चालत नाही कारण औषध संपतं ते नेमकं सरासरीपेक्षा वाईट आठवड्यात.

आता उदाहरण डॉक्सीसायक्लिन १०० एमजी कॅप्सूलचं घेऊ, कारण गोव्यात पावसाळा आला की शेतात, चिखलात काम करणाऱ्यांत लेप्टोचा संशय असलेला ताप सुरू होतो आणि ही कॅप्सूल एकदम पळायला लागते. आकडे धरलेले आहेत, तुमचे तुमच्या मोजणीतून घ्या.

उन्हाळ्यात समजा रोज २ कॅप्सूल जातात, फार तर ४. माल एरवी तीन दिवसांत येतो, वाईटात वाईट पाच. म्हणजे ४ गुणिले ५, लेव्हल २० कॅप्सूल, दोन स्ट्रिप. जुलैमध्ये तीच कॅप्सूल रोज १० जाते आणि एखाद्या दिवशी १८. दिवस तेच पाच, तर १८ गुणिले ५ म्हणजे ९०, नऊ स्ट्रिप. ज्याने उन्हाळ्याची दोन स्ट्रिपची लेव्हल जुलैत तशीच ठेवली त्याच्याकडे फोन केल्यावर दोन दिवसांत माल संपलेला असणार, मग पेशंटला चिठ्ठी लिहून बाजारात पाठवायचं.

वर चवथ. चवथीच्या आठवड्यात सप्लायरचा माणूसच गावाला, डिलिव्हरीची गाडी फिरत नाही, पाचाचे आठ दिवस धरा, १८ गुणिले ८ म्हणजे १४४, पंधरा स्ट्रिप. ही लेव्हल चवथीच्या दोन आठवडे आधी पेन्सिलीने वर करायची आणि नंतर खाली आणायची. डिसेंबरात ३ तारखेच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताला आणि नाताळ ते न्यू इयर असंच होतं, फक्त तेव्हा दुसरी औषधं धरायची.

ऑर्डर किती द्यायची? साधारण पंधरा दिवसांचा खप. सप्लायर आठवड्यातून दोनदा येत असेल तर महिन्याचा माल भरून ठेवण्यात काही अर्थ नाही, पैसेही अडकतात आणि दमट हवेत मालही.

सीझन संपल्यावर उरलेल्या मालाचं काय? दर वर्षी जानेवारीत फेकावा लागतो.

कारण त्याचा हिशोब जानेवारीत होतो, तो ३० सप्टेंबरला करायचा असतो. वरचंच डॉक्सी पुढे नेऊ. समजा सप्टेंबर संपताना कपाटात २४ स्ट्रिप आहेत, २४० कॅप्सूल. त्यातल्या ९ स्ट्रिप ए बॅचच्या, एक्स्पायरी डिसेंबर २०२६. १५ स्ट्रिप बी बॅचच्या, चवथीच्या आधी स्कीममध्ये घेतलेल्या, एक्स्पायरी जानेवारी २०२७. एकूण आकडा बघितला तर काही वावगं वाटत नाही.

ऑक्टोबरपासून खप परत रोज २, महिन्याचे २६ दिवस क्लिनिक म्हणजे ५२. ए बॅचच्या ९० कॅप्सूल साधारण २२ नोव्हेंबरला संपतील, ती सुटली. तिथून बी सुरू. कोर्स सात दिवसांचा, म्हणून बी ३१ जानेवारीपर्यंत नाही तर २४ जानेवारीपर्यंतच देता येणार. नोव्हेंबरच्या शेवटापासून तिथपर्यंत नऊ आठवडे, ५४ दिवस, १०८ कॅप्सूल जातील. बी मध्ये आहेत १५०. म्हणजे ४ स्ट्रिप मरणार हे सप्टेंबरच्या शेवटच्या मोजणीलाच दिसतं.

मग चार अख्ख्या, न कापलेल्या बी बॅचच्या स्ट्रिप बिल नंबरासकट तेव्हाच परत पाठवा, चार महिने हातात आहेत तर सप्लायर सहसा कुरकुर करत नाही कारण त्याला त्या दुसरीकडे खपवता येतात. परत करताना बीच द्यायची, ए नाही, ए तर तुम्ही वापरणारच आहात. आणि पानावरची लेव्हल दोन स्ट्रिपवर आणायला विसरू नका, नाहीतर ऑक्टोबरच्या मध्यात कुणीतरी "नऊच्या खाली गेलं" म्हणून अजून पंधरा मागवेल.

सप्लायर स्कीम देतो, दहावर दोन फ्री. घ्यायची का?

आधी एक्स्पायरी विचारा, फोनवरच, माल आल्यावर नाही. मग बघा की बारा स्ट्रिप त्या तारखेच्या आत, कोर्स धरून, जातील का. दहावर दोन फ्री म्हणजे बारातल्या दोन फेकायला लागल्या की स्कीम शून्य झाली, तीन फेकल्या की तुम्ही खिशातून दिले. रोज जाणाऱ्या पॅरासिटामॉल, ओआरएसला स्कीम ठीक आहे, क्वचित जाणाऱ्या इंजेक्शनला अजिबात नको.

आणि एक्स्पायरी माल परत घेण्याची अट प्रत्येक सप्लायरची वेगळी असते: किती महिने आधी, क्रेडिट नोट की बदली माल, कापलेली स्ट्रिप चालते का (बहुतेक ठिकाणी नाही). ती पहिल्याच ऑर्डरला विचारून सप्लायरच्या नावापुढे रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. तोंडी "घेतो की हो, काळजी नको" हे माणूस बदलला की संपतं.

ॲड्रेनलिनसारखं जे वर्षात एकदाही लागत नाही त्याची लेव्हल कशी काढायची?

खपावरून काढायचीच नाही, खप शून्य आहे म्हणून लेव्हल शून्य येईल आणि ज्या दिवशी इंजेक्शननंतर कुणाला रिॲक्शन येईल त्या दिवशी ट्रे रिकामा असेल. अशा आयटमची वेगळी छोटी यादी करा: ॲड्रेनलिन, हायड्रोकॉर्टिसोन, फेनिरामिन, २५ टक्के डेक्स्ट्रोज, डॉक्टर सांगतील ती. यांना ठरलेला कमीत कमी आकडा, समजा ॲड्रेनलिनचे पाच ॲम्प्यूल, आणि तो कधीच खाली जाऊ द्यायचा नाही. इथे तीन महिन्यांचा नियम उलटा चालतो: एक्स्पायरीच्या महिनाभर आधी नवीन येऊन पडलेलं पाहिजे आणि मगच जुनं काढायचं. हे थोडं वाया जाणारच, तो खर्च धरूनच चालायचं. ॲड्रेनलिन उजेडापासून लांब, खोक्यातच ठेवा. गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर तारीख बाकी असली तरी बाद.

उघडलेल्या बाटलीला छापलेली तारीखच चालते का?

नाही चालत. छापलेली तारीख सीलबंद मालाची. उघडलं की नवीन घड्याळ सुरू होतं म्हणून उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवरच लिहायची. लिग्नोकेनसारखी मल्टिडोज व्हायल आणि इन्सुलिन साधारण २८ दिवस, पाणी घालून केलेलं अमॉक्सिसिलिनचं ड्राय सिरप बहुतेक ७ दिवस, कालवलेलं ओआरएस २४ तास. लेबलवर किंवा आतल्या कागदावर कमी दिलं असेल तर ते खरं. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपच्या डबीवर किती महिने ते लिहिलेलं असतं, कंपनीप्रमाणे बदलतं, आणि पावसात ती डबी उघडी राहिली तर तेवढंही टिकत नाही, रीडिंग भलतंच येतं.

फ्रीजच्या मालाचंही तसंच. छापलेली तारीख २ ते ८ डिग्रीत ठेवलं तरच खरी. पावसात लाईट रात्रभर गेली तर सकाळी थर्मामीटर बघून त्या दिवसाचा आकडा फ्रीजच्या वहीत लिहा आणि त्या बॅचच्या ओळीसमोर खूण करा, डॉक्टर ठरवतील ठेवायचं का. टीडी, हिपॅटायटिस बी सारखी लस गोठली तर ती गेलीच, म्हणून ती फ्रीझरला टेकवून ठेवायची नाही आणि दारातही नाही.

सिरिंज, ग्लोव्हज, कॉटन, यांची एक्स्पायरी कोण बघतं?

तुम्हीच. स्टराइल म्हणून आलेल्या प्रत्येक गोष्टीवर तारीख असते, बऱ्याचदा पाच वर्षांची, म्हणून कुणी बघत नाही. खरं नुकसान तारखेमुळे कमी आणि ओलीमुळे जास्त होतं. सिरिंजच्या पाकिटाची कागदी बाजू भिजली, डाग पडला, कोपरा सुटला की ती स्टराइल राहिली नाही, तारीख काहीही असो. भिंतीला लागून किंवा जमिनीवर खोकी ठेवू नका, पावसाळ्यात भिंत पाझरते. यांची लेव्हल मात्र वरच्याच हिशोबाने काढायची, फक्त मोजायचं पाकिटात: २ एमएलच्या सिरिंजचा बॉक्स उघडला की आत चिठ्ठी ठेवा "शेवटचा बॉक्स, फोन करा", मोजायची गरजच उरत नाही.

वहीत ४० आणि कपाटात ३४, हे दर आठवड्याला होतं.

चोरीचा संशय शेवटी घ्या. आधी बघा: ड्रेसिंग ट्रे, डॉक्टरांचं टेबल, व्हिजिटची बॅग. मग बघा की कुणी स्ट्रिप मोजताना दहाची धरली आणि ती निघाली सहाची किंवा पंधराची. आणि सुट्या गोळ्या. स्ट्रिप कापताना ज्या टोकाला बॅच-एक्स्पायरी छापलीय ते टोक कपाटात राहिलं पाहिजे, उलट्या बाजूने कापत जायचं. तारीख नसलेला तुकडा सापडला तर तो अंदाजाने कुठल्या बॅचमध्ये घालायचा नाही, बाद.

एक्सेलमध्ये केलं तर?

चांगलंच, फक्त एक्स्पायरी टाइप करताना जपा. नुसतं ०८/२६ टाइप केलं तर कॉम्प्युटरच्या तारखेच्या सेटिंगप्रमाणे एक्सेल ते कधी ऑगस्ट २०२६ समजतं तर कधी चालू वर्षातली २६ ऑगस्ट, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. `1-Aug-2026` असं पूर्ण टाइप करा. मग D कॉलममध्ये एक्स्पायरी असेल तर किती दिवस उरले ते असं येतं:

```
=EOMONTH(D2,0)-TODAY()
```

यात महिन्याचा शेवटचा दिवसच धरला जातो. ९० च्या खालचे लाल करा की एक्स्पायरीच्या पानांचं काम झालं. उत्तर तारखेसारखं दिसलं तर त्या सेलचा फॉरमॅट नंबर करा. दर आठवड्याला एक प्रिंट काढून कपाटाच्या दाराला लावा, लाईट नसेल तेव्हा तेच लागतं.

तारीख दहा दिवसांपूर्वी गेली, गोळी दिसायला एकदम ठीक आहे. देऊन टाकली तर?

नाही. गोळी दिसायला कशी आहे यावर काही कळत नाही. टेट्रासायक्लिनच्या जुन्या, खराब झालेल्या कॅप्सूलनी किडनीला त्रास झाल्याच्या केसेस वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत, आणि आपली डॉक्सी त्याच घराण्यातली. इतर बऱ्याच औषधांत धोका नुसता ताकद कमी होण्याचा असतो, पण कुठल्यात किती हे क्लिनिकमध्ये बसून ठरवता येत नाही.

मग बाद माल टाकायचा कुठे?

कचऱ्याच्या गाडीत नाही, सिंकमध्ये नाही, मागच्या अंगणात जाळायचाही नाही. बायोमेडिकल वेस्टच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे एक्स्पायर झालेली औषधं पिवळ्या गटात येतात, एकतर सप्लायर किंवा कंपनीकडे परत नाहीतर कॉमन प्लांटला, तिथे भट्टीत जातात. तुमचा वेस्ट नेणारा जो आहे त्याच्याकडेच पिवळ्या पिशवीत द्या. देईपर्यंत चालू कपाटाबाहेर, झाकणाच्या डब्यात, वर मोठ्या अक्षरात "बाद" लिहून. रजिस्टरमध्ये त्या बॅचच्या ओळीत किती नग, कुठल्या तारखेला, परत की वेस्टला, आणि डॉक्टरांची सही. मग ती ओळ बंद करायची.